मे महिन्यातला स्लॅब

नागपूरला मे महिन्यात भर दुपारी स्लॅब भरला की मिस्त्री खूश असतो. संध्याकाळपर्यंत काँक्रीट दगडासारखं घट्ट लागतं. मला मात्र त्या घाईचीच काळजी वाटते.

काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंटच्या कणांची पाण्याशी रासायनिक क्रिया होते आणि तिच्यातून तयार होणारा चिकट पदार्थ खडी-वाळूला धरून ठेवतो. वीस-बावीस अंशांना हा पदार्थ सावकाश तयार होतो, कणांपासून दूर पसरतो आणि मधल्या पोकळ्या भरत जातो. चाळीस अंशांना क्रिया इतकी वेगानं होते की त्याला पसरायला सवडच मिळत नाही. तो कणाभोवतीच दाट कवच करून बसतो. मग आतल्या सिमेंटपर्यंत पाणी पोचणं अवघड होतं आणि कणांमधल्या मोठ्या पोकळ्या तशाच राहतात. म्हणून तापलेलं काँक्रीट पहिल्या दोन-तीन दिवसांत पुढे असतं आणि २८व्या दिवशी मागे पडतं. नंतर कितीही पाणी मारा, ही कसर पुरती भरून निघत नाही. त्यामुळे पहाटे किंवा संध्याकाळी स्लॅब भरणं, खडीचा ढीग सावलीत ओला ठेवणं, पाण्यात बर्फ घालणं हे सगळं काँक्रीट ओतण्याआधीच करायचं असतं.

चाचणीचे ठोकळे इथे फसवतात. ते प्रयोगशाळेत २७ अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवतात, स्लॅब मात्र उन्हात असतो. ठोकळा पास झाला म्हणजे माल बरोबर कालवला होता, एवढंच कळतं. स्लॅबचं खरं काय झालं ते पाहायचं तर काही ठोकळे स्लॅबवरच, त्याच ओल्या गोणपाटाखाली ठेवायला हवेत.

थंडीत याच्या उलट. ताकद शेवटी चांगली येते, पण उशिरा. एक ढोबळ हिशेब आहे: तापमानात १० मिळवायचे आणि दिवसांनी गुणायचं. ३० अंशांना ७ दिवस म्हणजे ४० गुणिले ७, २८०. तापमान ५ अंश असेल तर १५ नं भागून तेवढ्याच ताकदीला जवळजवळ १९ दिवस लागतात. कोवळ्या काँक्रीटमधलं पाणी गोठलं तर हा हिशेबही उरत नाही. बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि आतली वीण उसवतं.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंडला २७ एप्रिल १९७८ रोजी बांधकाम चालू असलेल्या शीतक मनोऱ्याचा वरचा थर कोसळला आणि ५१ कामगार गेले. परांची मनोऱ्याच्या नव्या काँक्रीटलाच बोल्टांनी जखडलेली होती. आदल्या दिवशी ओतलेल्या थरात तो भार पेलण्याइतकी ताकद आलेली नव्हती, असं चौकशीत निघालं. मधली रात्र थंडीची होती.