सव्वा दिवसात भिंत

१२ गवंडी एक कुंपणभिंत १५ दिवसांत बांधतात. तीच भिंत २० गवंड्यांनी बांधली तर किती दिवस लागतील?

काळ-काम-वेग या प्रकरणातला हा अगदी सुरुवातीचा प्रश्न. उत्तर आहे ९ दिवस. पण अनेक उत्तरपत्रिकांत २५ लिहिलेलं सापडतं, आणि ते लिहिणाऱ्याचा गुणाकार-भागाकार अचूक असतो. १२ ला १५, तर २० ला किती? वीस पंधरे तीनशे, भागिले बारा, पंचवीस. आकडेमोडीत कुठेच चूक नसल्यामुळे मूल पुन्हा पुन्हा तपासतं आणि पुन्हा २५ वरच येतं.

चूक शोधायची तर तिरकस गुणाकार बाजूला ठेवून हेच गणित एकमान पद्धतीने मांडावं. १२ वह्यांची किंमत माहीत असली की आपण आधी एका वहीची काढतो. तसंच इथे एका गवंड्याचं काढू. २५ उत्तर येण्यासाठी पहिल्या पायरीला १५ भागिले १२ करावं लागतं, म्हणजे सव्वा. याचा अर्थ, जी भिंत बारा जणांना पंधरा दिवस पुरली ती एकटा गवंडी सव्वा दिवसात उभी करतो! तिरकस गुणाकारात ही पायरी झाकलेली राहते, म्हणून तिच्यातला विपरीतपणा कुणाला दिसत नाही. खरं तर एकट्याला बारा जणांचं सगळं काम करायचं आहे, तेव्हा त्याला बारा पट दिवस लागणार, म्हणजे १८०. आता हेच काम २० जणांत वाटलं की ९ दिवस.

वह्यांच्या गणितात एका वहीची किंमत कायम असते. वह्या वाढल्या की पैसे वाढतात. हे सम प्रमाण, आणि त्यात दोन राशींचा भागाकार बदलत नाही. गवंड्यांच्या गणितात कायम असते ती भिंत. ती बांधायला १२ गुणिले १५, म्हणजे १८० दिवसांची मजुरी लागते, माणसं कितीही असोत. इथे दोन राशींचा गुणाकार बदलत नाही, म्हणून हे व्यस्त प्रमाण. माझ्या मते शिकवताना ‘माणसं वाढली की दिवस कमी’ हे वाक्य पाठ करून घेण्याऐवजी ‘या गणितात न बदलणारं काय आहे?’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.

भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘लीलावती’त व्यस्त त्रैराशिक वेगळं सांगितलं, ते याच कारणाने. त्यांचं एक उदाहरण धान्याच्या राशीचं आहे. सात आढकांच्या मापाने रास मोजली तर १०० मापं भरतात. पाच आढकांच्या मापाने किती भरतील? सम प्रमाण धरलं तर ७१ च्या आसपास उत्तर येतं, म्हणजे माप लहान झालं आणि मोजण्याची संख्याही घटली. पण रास तीच आहे, ७०० आढकांची. म्हणून उत्तर १४०.

निव्वळ पाठांतर केलेलं मूल पुढच्या प्रकारात अडखळतं. १२ गवंडी ३० मीटर भिंत १५ दिवसांत बांधतात, तर २० गवंडी त्याच उंची-जाडीची ५० मीटर भिंत किती दिवसांत बांधतील? इथे लांबी आणि दिवस सम प्रमाणात आहेत, गवंडी आणि दिवस व्यस्त प्रमाणात. एकच नियम दोन्हींना लावला की गणित फसलं. सगळं सम धरणाऱ्याला जवळजवळ ४२ दिवस मिळतात, सगळं व्यस्त धरणाऱ्याला साडेपाचच्याही आत. मजुरीने मोजलं तर घोटाळा होत नाही: ३० मीटरला १८०, म्हणजे मीटरला ६, ५० मीटरला ३००, ती २० जणांत वाटली की १५ दिवस. माणसं आणि लांबी दोन्ही सारख्याच पटीत वाढली, म्हणून दिवस तेवढेच राहिले.

मात्र हा हिशोब एका गृहीतावर उभा आहे: सगळ्या गवंड्यांचा हात सारखाच चालतो आणि कुणी कुणाच्या आड येत नाही. गणितात १८० गवंडी ती भिंत एका दिवसात बांधतील. प्रत्यक्षात ३० मीटर लांबीवर एवढी माणसं उभी केली तर एकेकाच्या वाट्याला वीतभरही जागा येत नाही. शिवाय खालचा मसाला घट्ट होण्याआधी वर ओझं चढवता येत नाही, म्हणून विटांची भिंत एका दिवसात साधारण दीड मीटरहून उंच नेत नाहीत. भिंत त्याहून उंच असेल, तर माणसं कितीही वाढवली तरी दुसरा दिवस लागतोच.