वृद्ध मांजराचे रात्रीचे रडणे

मांजराचे रडणे आपल्याकडे अशुभ मानले जाते. रात्री दोन-अडीच वाजता घरातले पंधरा-सोळा वर्षांचे मांजर अंधाऱ्या खोलीच्या मध्यभागी उभे राहून मोठ्याने, लांबलचक सुरात ओरडू लागले, की घरच्यांची झोप तर मोडतेच, पण मनात शंकाही येतात. त्याला अपशकुन समजू नये, आणि 'म्हातारपणाचा चाळा' म्हणून दुर्लक्षही करू नये. हे बहुधा आजाराचे लक्षण असते आणि त्यामागील काही आजार बरे किंवा आटोक्यात येण्याजोगे असतात.

माणसांप्रमाणे मांजरांनाही स्मृतिभ्रंश होतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, अकरा ते चौदा वर्षांच्या मांजरांपैकी सुमारे २८ टक्के, तर पंधरा वर्षांवरील मांजरांपैकी निम्म्याहून अधिक मांजरांमध्ये वयोमानाशी निगडित वर्तनबदल आढळले. अशी मांजरे ओळखीच्या घरात वाट चुकतात, कोपऱ्यात तोंड करून उभी राहतात, नुकतेच खाल्ल्याचे विसरतात, दिवसा झोपून रात्री जागतात आणि वाळूच्या ट्रेबाहेर घाण करतात. काही माणसांना चिकटून राहतात, तर काही तुटक होतात.

याचे मूळ मेंदूत असते. अल्झायमरच्या रुग्णांत साचणारे अॅमिलॉइड बीटा हे प्रथिन वृद्ध मांजरांच्या मेंदूतही साचते. एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ मध्ये २५ मृत मांजरांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. वृद्ध आणि स्मृतिभ्रंश झालेल्या मांजरांत हे प्रथिन चेतापेशींच्या परस्परसंपर्काच्या सांध्यांमध्येही साठल्याचे त्यांना दिसले. भोवतालच्या साहाय्यक पेशी हे सांधे गिळंकृत करीत असल्याची चिन्हेही आढळली. पेशींमधील संदेशवहनच विस्कळीत झाल्यावर दिशा, वेळ आणि सवयी यांचे भान सुटणे स्वाभाविक होय.

तथापि, जिवंत मांजरात या विकाराची खात्री देणारी रक्तचाचणी आज उपलब्ध नाही. इतर कारणे एकेक करून वगळल्यावरच तो आहे, असे मानले जाते. खरी अडचण इथेच आहे, कारण अतिक्रियाशील थायरॉइड, मूत्रपिंडाचा विकार, उच्च रक्तदाब, सांधेदुखी आणि बहिरेपणा यांमुळेही मांजर रात्री ओरडते. बहिऱ्या मांजराला तर स्वतःचा आवाजच ऐकू येत नाही.

उदाहरणार्थ, सोळा वर्षांची एक मांजरी घेऊ. रात्री ओरडते, भिंतीशी थबकते, वजन वर्षभरात चार किलोवरून ३.२ किलोवर आलेले. भूक भरपूर असूनही वजन घटत असेल तर थायरॉइडचा संशय घ्यावा. पण हिची भूक मंदावलेली आहे आणि पाणी पिणे वाढले आहे. तपासणीत थायरॉइड ठीक निघते, मूत्रपिंडाचे कार्य मात्र मंदावलेले. पुढच्या पायाला लहान पट्टा बांधून रक्तदाब मोजला, तर तो १९० भरतो. दवाखान्यातील भीतीनेही आकडा चढतो, म्हणून तिला शांत होऊ देऊन अनेकदा मोजणे आवश्यक असते. वारंवार १६० च्या वर असलेला दाब चिंताजनक, आणि १८० च्या वरचा डोळ्यांच्या पडद्याला व मेंदूला धोकादायक मानतात. अशा वेळी दृष्टी अचानक जाऊ शकते.

अॅमलोडिपिन हे औषध पशुवैद्याने सुरू केल्यावर काही आठवड्यांत दाब १५० वर येतो, रात्रीचे ओरडणे निम्म्याने घटते. कोपऱ्यात उभे राहणे व खाल्ल्याचा विसर मात्र कायम राहतो. हा उरलेला भाग बहुधा स्मृतिभ्रंशाचा. थेट त्यावरच बोट ठेवले असते, तर रक्तदाब तसाच वाढत राहिला असता.

स्मृतिभ्रंश बरा होत नाही; त्रास मात्र कमी करता येतो. अन्न, पाणी आणि ट्रे यांच्या जागा बदलू नयेत. ट्रेची एक कड बुटकी असावी, म्हणजे दुखऱ्या पायांना चढणे सोपे जाते. रात्री मंद दिवा ठेवावा, झोपण्यापूर्वी थोडे खायला द्यावे आणि दिवसा हलके खेळवावे. ओरडल्यावर रागावू नये. गोंधळलेले प्राणी त्याने अधिकच घाबरते.

मनाने औषधे देणे मात्र कटाक्षाने टाळावे. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या मेंदूसाठी विकल्या जाणाऱ्या काही पूरक औषधांतील अल्फा लिपोइक आम्ल मांजरांना विषारी ठरते. पशुवैद्याकडे जाताना ओरडण्याच्या वेळांची आठवडाभराची नोंद आणि मोबाइलवरील चित्रफीत न्यावी, कारण दवाखान्यात मांजर हमखास गप्प बसते.