हात पिठात असताना आलेला मेसेज

घरी केक करणाऱ्या बाईचे दोन्ही हात पिठात असतात, नेमका तेव्हाच फोन वाजतो. 'केक कसा किलो?' एवढंच विचारलेलं असतं. उत्तर जायला दोन तास लागले, तर गिऱ्हाईक दुसरीकडे विचारून मोकळं होतं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये यावर सोय आहे. Business tools मध्ये जाऊन Greeting message सुरू केला, की लिहून ठेवलेला मजकूर आपोआप जातो. मी असा लिहीन:

'नमस्कार! तुमचा मेसेज मिळाला, आनंद झाला. मी घरच्या ओव्हनमध्ये, ऑर्डर आली की ताजा केक करते. आत्ता कामात असेन, पण संध्याकाळी सातपर्यंत मी स्वतः उत्तर देईन. तोवर एवढं कळवाल का? केक कोणत्या तारखेला हवा, किती माणसांसाठी, आणि अंड्याचा चालेल की बिनअंड्याचा?'

तारीख आधी विचारायची, कारण त्या दिवशी ओव्हन रिकामा नसेल तर पुढचं बोलणंच व्यर्थ. वजन मात्र विचारू नये. किती किलो लागेल ते गिऱ्हाइकाला माहीत नसतं, घरी येणारी माणसं माहीत असतात. सहा-आठ माणसं म्हटली की अर्धा किलो, हा हिशोब आपण करावा. अंड्याचं राहून गेलं आणि केक झाल्यावर कळलं, तर तो केक वाया जातो. दरपत्रक इथे घालू नये. लांबलचक यादीत हे तीन प्रश्न हरवतात आणि उत्तर येतं, 'बरं, कळवते.' सातची वेळ पाळता येणार नसेल तर नऊ लिहावी.

खरी अडचण वेगळीच आहे. हा मजकूर फक्त नव्या माणसाला जात नाही. 14 दिवस ज्याच्याशी बोलणं झालेलं नाही, त्यालाही तो पुन्हा जातो. केक तर वर्षातून दोनदा-तीनदाच मागवला जातो! समजा, जुन्या गिऱ्हाइकाने महिन्याभरापूर्वी ऑर्डर दिली होती आणि आज लिहिलं, 'सासरे गेले, वाढदिवस करत नाही.' त्यावर क्षणात 'आनंद झाला' असं उत्तर गेलं, तर ते किती जिव्हारी लागेल! म्हणून हा मेसेज कोणाला जावा, हे ठरवण्याच्या जागी Everyone not in address book निवडावं आणि पहिली ऑर्डर येताच तो नंबर नावासकट जतन करावा. पुढच्या वेळी त्या माणसाला आपण स्वतःच लिहायचं.

सगळं झालं की शेजारणीच्या फोनवरून, म्हणजे आपल्याकडे जतन नसलेल्या नंबरवरून, मेसेज पाठवून पाहावा. मजकूर बदलून लगेच पुन्हा पाहायचं असेल तर तिसरा फोन लागेल. त्याच नंबरला तो पुढचे 14 दिवस जाणार नाही.