नाचणीचे बिस्कीट चांगले, पण कोणासाठी?

पाकिटाच्या लेबलचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि खाली लिहायचे, ‘हे हेल्दी आहे का?’ डॉक्टर, आहारतज्ज्ञ किंवा नात्यातली परिचारिका यांच्याकडे असा प्रश्न वरचेवर येतो. पदार्थ खाणार कोण, हे मात्र त्यात बहुधा लिहिलेले नसते. लेबलवर पदार्थात काय आहे ते कळते, खाणाऱ्याबद्दल त्यावर काहीच नसते. त्यामुळे एका फोटोची खरी उत्तरे चार निघू शकतात आणि चारही बरोबर असू शकतात.

लेबलनेही मनाशी एक माणूस धरलेला असतो. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार पोषणतक्त्यात 100 ग्रॅममागचे आकडे द्यावे लागतात आणि एका वाढपातून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो तेही सांगावे लागते. ही दिवसाची गरज एका सरासरी प्रौढाची असते : 2000 किलोकॅलरी ऊर्जा, 67 ग्रॅम स्निग्ध पदार्थ, त्यांपैकी संपृक्त 22 ग्रॅम, वरून घातलेली साखर 50 ग्रॅम आणि सोडियम 2000 मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम मीठ. दीड वर्षाचे मूल, वजन घटत चाललेली आजी किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण या हिशेबात बसत नाहीत.

उदाहरणासाठी नाचणीच्या बिस्किटांचे एक पाकीट घेऊ. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘नाचणी’ आणि शेजारी कणसाचे चित्र. मागची घटकांची यादी अशी आहे असे समजू : मैदा, साखर, पाम तेल, नाचणीचे पीठ 16 टक्के, दुधाची पावडर, फुगवण्याचे पदार्थ, मीठ. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणे बंधनकारक आहे. म्हणजे या बिस्किटात मैदा सर्वांत जास्त आहे आणि साखर व तेल दोन्ही नाचणीपेक्षा जास्त आहेत. तक्त्यात 100 ग्रॅममागे ऊर्जा 480 किलोकॅलरी, प्रथिने 7 ग्रॅम, कर्बोदके 69 ग्रॅम, त्यांपैकी वरून घातलेली साखर 21 ग्रॅम, स्निग्ध पदार्थ 19.5 ग्रॅम, संपृक्त 9 ग्रॅम आणि सोडियम 300 मिलिग्रॅम आहे. एक बिस्कीट 10 ग्रॅमचे आणि वाढप दोन बिस्किटांचे.

नाचणी लोक घेतात ती मुख्यतः कॅल्शियमसाठी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 364 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. बिस्किटात नाचणी 16 टक्केच असल्याने 100 ग्रॅम बिस्किटांत तिच्यापासून मिळणारे कॅल्शियम 58 मिलिग्रॅमच्या आसपास भरते, आणि चहाबरोबर पाच बिस्किटे खाल्ली तर 29. प्रौढ माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम लागते. 60 ग्रॅम पिठाच्या एका नाचणीच्या भाकरीतून सुमारे 218 मिलिग्रॅम मिळते. नाचणीसाठी म्हणून हे पाकीट घ्यायचे असेल, तर ते कोणालाच फारसे उपयोगाचे नाही. इथपर्यंतचे उत्तर सगळ्यांना सारखेच लागू आहे. पुढे मात्र ते खाणाऱ्यागणिक बदलते.

घरातल्या आजोबांना मधुमेह आहे. फोटो पाहणाऱ्यांची नजर साखरेच्या ओळीवर जाते आणि तिथेच थांबते. आजोबांसाठी अधिक महत्त्वाची ओळ एकूण कर्बोदकांची आहे, कारण मैद्याचा स्टार्चही पचून ग्लुकोजच होतो. दोन बिस्किटांत जवळपास 14 ग्रॅम कर्बोदके येतात, म्हणजे साधारण एका लहान फुलक्याइतकी. पाच खाल्ली तर 34 ग्रॅमच्या वर. तेव्हा दोन बिस्किटे जेवणातल्या फुलक्याच्या बदल्यात खाल्ली आहेत की पूर्ण जेवणावर भर म्हणून, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

अशा वेळी घरचे लोक ‘शुगर फ्री’ पाकीट शोधतात. नियमानुसार हा शब्द वापरायचा तर 100 ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. अट फक्त साखरेची आहे. पीठ आणि तेल जिथल्या तिथे राहते, त्यामुळे तक्त्यातली कर्बोदके बऱ्याचदा मूळ बिस्किटाच्या जवळपासच निघतात. साखरेच्या जागी माल्टिटॉल असेल तर त्यानेही रक्तातली साखर वाढते, फक्त नेहमीच्या साखरेपेक्षा कमी, आणि जास्त खाल्ल्यास पोट बिघडते. शुगर फ्री आहे म्हणून दोनाऐवजी सहा खाल्ली जातात, तेव्हा नुकसान होते ते आजोबांचे.

याच आजोबांच्या बाबतीत एक प्रसंग असाही येतो की तिथे सगळा हिशेब उलटा होतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्या माणसाची साखर कधीकधी एकदम उतरते. घाम येतो, हात थरथरतात, बोलणे अडखळते. त्या वेळी साधी साखरच लागते : 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा सुमारे तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून, आणि तीही माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल तरच. बिस्किटातल्या तेलामुळे ग्लुकोज रक्तात पोहोचायला वेळ लागतो, म्हणून त्या घडीला बिस्कीट कामाचे नाही. शुगर फ्री तर नाहीच नाही. साखर वर आल्यानंतर, जेवणाला वेळ असेल तर तेच बिस्कीट चालते.

आजींचे दुखणे वेगळे आहे. शस्त्रक्रियेनंतर भूक गेली आहे, वजन घटून 45 किलोवर आले आहे, कवळीमुळे कडक पदार्थ चावता येत नाहीत. ‘कमी फॅटचे, बिनसाखरेचे’ हा घरात आजोबांसाठी लागू झालेला नियम आजींनाही लावला जातो, आणि तो त्यांच्यासाठी सरळसरळ चुकीचा असतो. त्यांना थोड्याशा घासांत जास्त ऊर्जा हवी आहे, आणि बिस्किटात ती आहे : पाच बिस्किटांत 240 किलोकॅलरी. उणीव आहे ती प्रथिनांची. पाच बिस्किटांतून साडेतीन ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि दुखण्यातून उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला निदान एक ग्रॅम लागतात, म्हणजे आजींना 45 ग्रॅम किंवा थोडी अधिक. म्हणून बिस्किटे कोऱ्या चहात बुडवून खाण्याऐवजी कपभर दुधात भिजवून खाल्ली तर आजींना त्यांचा खरा फायदा होतो. आजोबांना ज्या पाकिटाबद्दल ‘जपून’ म्हणायचे, त्याच पाकिटाबद्दल आजींना ‘खुशाल खा’ म्हणता येते.

दीड वर्षाच्या नातवाला बिस्कीट दुधात कुस्करून भरवण्याची पद्धत घरोघर आहे. इथे लेबलवरचे टक्के सर्वांत जास्त फसवतात. तीन बिस्किटांत वरून घातलेली साखर 6.3 ग्रॅम येते. प्रौढाच्या 50 ग्रॅमच्या मानाने ती 13 टक्क्यांच्या आत आहे आणि किरकोळ वाटते. पण या वयाच्या मुलाची दिवसाची ऊर्जेची गरज सुमारे 1000 किलोकॅलरी, म्हणजे लेबलवरच्या माणसाच्या निम्मी असते. त्या मापाने तीच साखर 25 टक्के होते. शिवाय 144 किलोकॅलरी, म्हणजे दिवसाच्या गरजेचा सातवा हिस्सा, मैदा, साखर आणि तेल यांतच जातो आणि तेवढे पोट वरणभात, अंडे किंवा केळ्यासाठी उरत नाही. 6 ते 23 महिन्यांच्या बाळांना साखर, मीठ आणि ट्रान्स फॅट जास्त असलेले पदार्थ देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या सूचना सांगतात. नातवासाठी उत्तर ‘नको’ हेच आहे, आणि पर्यायही घरात आहे : नाचणीसत्त्वाची किंवा नाचणीच्या पिठाची दुधातली खीर, साखर न घालता.

काही जणांच्या बाबतीत आकडे पाहण्याची गरजच पडत नाही. सीलिॲक आजार असलेल्या मुलाला गव्हातले ग्लुटेन अजिबात चालत नाही. नाचणीत ग्लुटेन नसते, हे ठाऊक असलेले पालक पुढच्या बाजूचे नाव वाचून निश्चिंत होतात, आणि घटकांच्या यादीत पहिलाच शब्द मैदा असतो. अशा मुलासाठी एक बिस्कीटही जास्त आहे. यादीच्या खाली ॲलर्जीकारक घटकांची वेगळी ओळ असते. फोटोत ती कापली गेली असेल तर दुसरा फोटो मागवावा, अंदाजाने सांगू नये.

मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या माणसाला तर लेबल अर्धवटच उत्तर देते. सोडियम दिसते, पण पोटॅशियम आणि फॉस्फरस हे आकडे सक्तीच्या तक्त्यात नाहीत. फॉस्फेटचा सुगावा यादीतल्या आयएनएस क्रमांकांवरून लागतो : 450, 451 आणि 452 हे फॉस्फेटचे क्षार आहेत, आणि असे मिसळलेले फॉस्फेट डाळी किंवा धान्यातल्या नैसर्गिक फॉस्फरसपेक्षा अधिक प्रमाणात शोषले जाते. हे क्रमांक सापडले, तर पाकीट बाजूला ठेवून आपल्या आहारतज्ज्ञांना दाखवणे बरे. ‘कमी सोडियम’ लिहिलेल्या पदार्थांतही जपावे लागते. मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आयएनएस 508, घातलेले असेल तर रक्तदाबाच्या रुग्णाला जे सोयीचे, तेच मूत्रपिंडाच्या रुग्णाला धोक्याचे ठरू शकते.

फोटो पाठवणारा आणि खाणारा बऱ्याचदा वेगवेगळे असतात. पुण्यातली मुलगी गावाकडच्या वडिलांसाठी विचारते, सून सासूबाईंसाठी. पाठवणाऱ्याला एकच पाकीट आणून सगळ्यांची सोय लावायची असते, आणि ती अडचण खरी आहे. पण उत्तर खाणाऱ्याच्या गरजेवरून ठरले पाहिजे, आणि त्याची आवडनिवडही गरजेतच धरली पाहिजे. चाळीस वर्षे चहाबरोबर बिस्कीट खाणाऱ्या आजोबांना ‘अजिबात नको’ म्हटले तर ते लपवून खातात, मग डबाभर किती खाल्ली ते कोणालाच कळत नाही. ‘दोन, आणि त्या जेवणात एक फुलका कमी’ हे उत्तर पाळले जाण्याची शक्यता अधिक.

तेव्हा फोटो पाठवताना पाकिटाची मागची बाजू संपूर्ण येऊ द्यावी, म्हणजे घटक, तक्ता, वाढप आणि ॲलर्जीची ओळ. त्याच्या खाली दोन ओळी लिहाव्यात : कोण खाणार, वय किती, आजार व औषधे कोणती, एका वेळी किती आणि आठवड्यातून किती वेळा खाणार, आणि कशाऐवजी. ज्याला हा फोटो येतो त्यानेही या दोन ओळी मिळेपर्यंत हो किंवा नाही म्हणू नये.