आरोप कोणाचा?

द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना गेल्या सत्रात मी एक काम दिले होते. १९९२ च्या रोखे घोटाळ्याचा मागोवा घेणारा एक दीर्घ शोधवृत्तान्त त्यांनी वाचावयाचा आणि दीडशे शब्दांत त्याचा सारांश लिहावयाचा. वृत्तान्तात बँका होत्या, दलाल होते, रिझर्व्ह बँकेची समिती होती, संसदेची समिती होती आणि पंतप्रधानही होते. निम्म्याहून अधिक उत्तरांत एक वाक्य थोड्याफार फरकाने आढळले : ‘या घोटाळ्यात पंतप्रधानांना एक कोटी रुपये देण्यात आले.’ मूळ लेखात असे वाक्य कोठेही नव्हते.

मुळात होते ते असे. १६ जून १९९३ रोजी मुंबईत पत्रकार परिषद घेऊन हर्षद मेहता यांनी, आपण पंतप्रधान नरसिंह राव यांना एक कोटी रुपये दिल्याचा आरोप केला. राव यांनी तो फेटाळून लावला. विद्यार्थ्यांनी खोटे काही रचले नव्हते. त्यांनी फक्त शब्द वाचविले होते. शब्द वाचवू लागले की प्रथम बळी जातो तो ‘अमुक यांनी असे म्हटले’ या भागाचा, कारण तो मजकुराचे केवळ वेष्टन वाटतो. वस्तुतः बहुपक्षीय वृत्तान्तात तोच मजकूर असतो. मेहता यांच्यावर त्या वेळी स्वतःच गंभीर आरोप होते. असा मनुष्य हे म्हणत आहे, हे कळल्याशिवाय वाचकाने त्या विधानाचे वजन करावे कसे?

आपली भाषाही येथे थोडी दगा देते. ‘देण्यात आले’, ‘आरोप करण्यात आला’, ‘उघडकीस आले’ या कर्मणी रचना कर्त्याला अलगद पडद्याआड नेतात. ‘आरोप करण्यात आला’ असे लिहिल्यावर निदान आरोप उरतो, पण आरोप करणारा नाहीसा होतो. ‘उघडकीस आले’ म्हटल्यावर तर आरोपही उरत नाही, त्याचे सत्य होते. म्हणून सारांशकर्त्याने क्रियापदावर पहारा ठेवावा. दलाल आरोप करतो, बँक खुलासा करते, समिती निष्कर्ष काढते आणि न्यायालय दोषी ठरविते. ही क्रियापदे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

दुसरी चूक आकड्यांची. कित्येकांनी लिहिले, ‘मेहता यांनी चार हजार कोटींचा घोटाळा केला.’ हा आकडा आला जानकीरामन समितीच्या अहवालांतून. रिझर्व्ह बँकेने १९९२ साली नेमलेल्या या समितीने बँका व वित्तसंस्थांच्या रोखे-व्यवहारांची तपासणी केली. ज्यांच्यामागे पुरेसे रोखे नाहीत अशा व्यवहारांत संस्थांचे किती पैसे गुंतले, याची ती रक्कम होती. बँक ऑफ कराडसारख्या संस्थांनी हाती रोखे नसताना दिलेल्या पावत्या त्यात होत्या आणि दलालही एकापेक्षा अधिक होते. आकडा बरोबर होता, पण समितीच्या तोंडचे एक विधान दुसऱ्याच वाक्यात जाऊन एका व्यक्तीवर चिकटले.

यावर उपाय म्हणून दुसऱ्या वेळी मी सारांशाआधी एक तक्ता करावयास सांगितला. त्यात रकाने चार : कोण म्हणतो, कोणाविषयी, काय व केव्हा, आणि कशाच्या आधारे. शेवटचा रकाना भरताना मुलांना एक नवीच गोष्ट दिसली. तीन ठिकाणी आलेला एखादा आरोप शोधत गेल्यास एकाच माणसाच्या एकाच विधानाशी जाऊन पोहोचतो. तो तीन साक्षीदारांचा नव्हे, एकाच साक्षीदाराचा पुरावा होय.

तक्त्यावरून लिहिताना आणखी दोन पथ्ये पाळावी लागतात. आरोपाचा इन्कार त्याच वाक्यात किंवा लगतच्या वाक्यात यावा. ‘सर्व संबंधितांनी आरोप फेटाळले’ असे शेवटी गोळाबेरीज वाक्य टाकले, तर कोणी काय नाकारले व काय कबूल केले हे समजत नाही. तसेच ‘त्यांनी’ हे सर्वनाम जपून वापरावे. तीन पुरुष आणि दोन समित्या असलेल्या परिच्छेदात ‘त्यांनी’ म्हणजे कोण, हे लेखकाखेरीज कोणास उमगत नाही. नावाची पुनरुक्ती कानाला खटकली तरी चालेल.

मग शब्दमर्यादेचे काय? जागा अपुरी असेल तर एखादा आरोप संपूर्ण वगळावा, पण ठेवलेल्या आरोपाचा धनी वगळू नये. दहा निनावी आरोपांपेक्षा चार नावनिशीवार आरोप वाचकाला अधिक सांगतात. १९९९ साली विशेष न्यायालयाने मारुती उद्योगाच्या पैशांसंबंधीच्या खटल्यात मेहता यांना दोषी ठरविले. हा त्या एका खटल्यातील निकाल होता. तो १९९३ च्या पत्रकार परिषदेतील आरोपावरचा निकाल नव्हता, आणि चार हजार कोटींच्या हिशेबावरचाही नव्हता. दुसऱ्या खेपेस एका विद्यार्थिनीने हा फरक बरोबर टिपला. तिचा सारांश दीडशेऐवजी एकशे सत्तर शब्दांचा झाला होता. त्या वीस शब्दांचे गुण मी कापले नाहीत.