निरोपाच्या सहा ओळी

पिंपरीच्या एका कारखान्यात 22 वर्षं गुणवत्ता विभागात काढलेल्या माझ्या मैत्रिणीने लिंक्डइनवर टाकायचा निरोप मला आधी वाचायला दिला. 400 शब्द होते. सुरुवात 'जड अंतःकरणाने', मग रुजू झाल्यापासूनची सगळी पदं, शेवटी 29 जणांची नावं.

लिंक्डइनवर 3000 अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण स्क्रोल करणाऱ्याला पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात. बाकीचा मजकूर वाचायला `…more` दाबावं लागतं. तिच्या त्या ओळींत नुसतंच जड अंतःकरण होतं. ती नोकरी सोडतेय हे कळतच नव्हतं. म्हणून ती बातमी आम्ही आधी घेतली.

पदांची यादी प्रोफाइलवर असतेच, ती काढली. नावांवर मात्र बराच वेळ गेला. 29 नावं लिहिली की तिसावा माणूस दुखावतो. ज्यांच्याशिवाय तिची ही 22 वर्षं सांगताच येणार नाहीत असं कोण, असं विचारल्यावर ती म्हणाली, "काका." पहिल्या आठवड्यात मायक्रोमीटर धरायला शिकवणारे ऑपरेटर. ते लिंक्डइनवर नाहीत, म्हणून तिने फोन करून त्यांची परवानगी घेतली.

एक अर्धं वाक्य तिला सोडवेना: 'काही निर्णय पटले नाहीत, तरी...' ते मी आग्रहाने काढायला लावलं. वाचणाऱ्याच्या लक्षात तेवढंच राहतं, आणि मागे राहिलेल्या सहकाऱ्यांना त्यावरून उत्तरं द्यावी लागतात.

उरलं ते असं:

"आज कारखान्यातला माझा शेवटचा दिवस. 22 वर्षं मी गुणवत्ता विभागात काम केलं. मायक्रोमीटर आवळायचा नसतो, रॅचेटने फिरवायचा असतो, हे काकांनी पहिल्या आठवड्यात शिकवलं आणि ते मला सगळीकडे उपयोगी पडलं. विभागातल्या आणि पुरवठादारांकडच्या सर्वांचे मनापासून आभार. आता महिनाभर विश्रांती घेणार आहे. माझा खासगी मेल खाली देते, जरूर लिहा."

प्रत्यक्ष पोस्टमध्ये काकांचं पूर्ण नाव होतं.

राजीनामा दिला त्या दिवशी तिने काहीच टाकलं नाही. नोटीस पिरियड चालू असताना ग्राहकांना ही बातमी साहेबांच्या आधी लिंक्डइनवरून कळली, तर साहेबांची अडचण होते. ओळखपत्र आणि लॅपटॉप परत केल्यावर, संध्याकाळी घरून तिने पोस्ट टाकली. तोवर प्रोफाइलला हात लावताना `Notify network` बंद ठेवलं होतं. नव्या नोकरीचं नावही लिहिलं नाही. रुजू होईपर्यंत ते न लिहिलेलंच बरं.

तुमचं लिंक्डइनचं खातं कंपनीच्या मेलवर उघडलेलं असेल, तर शेवटच्या दिवसाआधी त्यात खासगी मेल जोडा. कंपनीचा मेल बंद झाला की पासवर्ड बदलण्याचा कोड तिथेच जातो, आणि लोकांनी निरोपाखाली लिहिलेलं वाचायला तुम्हालाच आत जाता येत नाही.