बियांच्या पाकिटावरचे दोन महिने

फ्लॉवरच्या बियांचं पाकीट हातात आलं की मी ते फोडण्याआधी त्याचे फोटो काढते. एक दर्शनी बाजूचा, एक मागच्या बारीक मजकुराचा आणि एक वरच्या पट्टीचा. तिसरा फोटो बहुतेकजण विसरतात. लॉट नंबर, उगवण तपासल्याची तारीख आणि वैधतेची तारीख पुष्कळदा त्या पट्टीवरच छापलेली असते, आणि आपली कात्री नेमकी तिथेच चालते. पाकीट चकचकीत असेल तर ते सपाट दाबून खिडकीच्या आडव्या उजेडात धरावं, नाहीतर ३ आणि ८ एकसारखे दिसतात.

माझ्यासमोरचा फोटो स्नोबॉल गटातल्या फ्लॉवरचा आहे. मागे चारच ओळी आहेत: पेरणी सप्टेंबर–ऑक्टोबर, रोपं चार आठवड्यांची झाल्यावर लागवड, अंतर ६० बाय ४५ सेंटिमीटर, काढणी ८५ ते ९० दिवसांत. या चार ओळींतून पुण्यातल्या माझ्या गच्चीचं पाच महिन्यांचं वेळापत्रक करायचं आहे.

पहिला प्रश्न असा की ८५ दिवस मोजायचे कुठून? फ्लॉवर, कोबी, टोमॅटो, वांगी अशा रोपं करून लावायच्या भाज्यांत हे दिवस बहुधा पुनर्लागवडीपासून धरलेले असतात. गाजर, मुळा, मेथी थेट पेरतात, तिथे ते पेरणीपासून. मी २० सप्टेंबरला ट्रेमध्ये बी टाकलं तर रोपं १८ ऑक्टोबरला लावायची होतात आणि गड्डे ११ ते १६ जानेवारीच्या सुमारास तयार होतात. पेरणीपासून मोजलं असतं तर १४ डिसेंबरपासून गड्ड्याची वाट पाहत बसले असते आणि झाडाचं काहीतरी बिनसलंय असं समजून वरून खत घातलं असतं.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. सप्टेंबर–ऑक्टोबरच का? स्नोबॉल गटाला गड्डा धरायला थंडी लागते, साधारण १० ते १६ अंशांच्या आसपासची. पाकिटावरचे महिने त्या थंडीशी गाठ घालून देण्यासाठी छापलेले असतात. काही वर्षांपूर्वी मी हेच बी जूनमध्ये पेरलं होतं, कारण पाऊस सुरू झाला की पेरायचं एवढंच ठाऊक होतं. गुडघाभर पानं आली, गड्डा एकाही झाडाला आला नाही. पावसाळ्यात पेरायच्या लवकर येणाऱ्या जाती वेगळ्या असतात. त्या उशिरा, थंडीत लावल्या तर उलटा त्रास होतो: रोप लहान असतानाच लिंबाएवढा गड्डा धरतं आणि तिथेच थांबतं. म्हणून पाकिटाच्या दर्शनी बाजूचा जातीचा उल्लेख फोटोत स्पष्ट हवाच.

आता पाकिटावरचा शेवटचा दिवस तपासून पाहू. ३१ ऑक्टोबरला पेरलं तर लागवड २८ नोव्हेंबरला आणि काढणी २१ ते २६ फेब्रुवारीला. पुण्यात तोवर दुपारी ऊन चटकायला लागलेलं असतं. अशा उन्हात गड्डा घट्ट राहत नाही, कळ्या सुट्या होतात आणि वरून भाताची शितं पसरल्यासारखा दिसतो. पाकीट सगळ्या प्रदेशांसाठी छापलेलं असतं, म्हणून मी माझ्यापुरता काळ १० ऑक्टोबरला संपवते. कोकणात किनाऱ्यालगत थंडी इतकी पडतच नाही, तिथे हे पाकीट घेऊच नये.

मग वहीत लिहायला घेते, भाजीच्या नावापुढे महिना न लिहिता प्रत्येक महिन्याखाली काम लिहिते. सप्टेंबर: ट्रे आडोशाला, कारण परतीच्या पावसात रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. ऑक्टोबर: लागवड, शक्यतो संध्याकाळी. नोव्हेंबर: लागवडीला महिना झाला की खत आणि बुंध्याला मातीची भर. डिसेंबर: पाणी नियमित, अखेरीस मधली पानं उलगडून गड्डा दिसतोय का पाहायचं. दिसला की बाहेरची पानं वर ओढून सुतळीने सैल बांधायची, म्हणजे उन्हाने तो पिवळा पडत नाही. जानेवारी: काढणी. एकदम वीस गड्डे घरात नको असतील तर सप्टेंबरच्या ओळीखाली पंधरा दिवसांनी दुसरा ट्रे लिहायचा, ५ ऑक्टोबरला. तो १० तारखेच्या आत बसतो, तिसरा बसत नाही.

उरलेल्या बियांसाठी पट्टीचा फोटो उघडते. त्यावर तपासणीची तारीख जूनची आहे आणि वैधता नऊ महिन्यांची, म्हणजे मार्चमध्ये संपणारी. पुढच्या सप्टेंबरला हे बी मुदतीबाहेर असेल. मेलेलं असेलच असं नाही, पण उगवण घटलेली असू शकते. म्हणून पुढच्या वर्षाच्या पानावर ऑगस्टखाली एक ओळ आत्ताच लिहून ठेवली आहे: दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवणे, आठवड्याने मोजणे, पाचाहून कमी उगवल्या तर नवं पाकीट आणणे.